"वापरा की!" एवढ्यावर लोगो छापू नका

संयुक्त माहितीपत्रक काढायचं ठरलं की लोगोचा विषय बहुतेक वेळा शेवटी निघतो. मजकूर लिहून झालेला असतो, फोटो लागलेले असतात, छापखान्याची तारीख घेतलेली असते आणि मुखपृष्ठावर आपल्या लोगोशेजारी तेवढी एक चौकट रिकामी असते. माझ्या हातून झालेल्या पहिल्या संयुक्त माहितीपत्रकाची गोष्ट अशीच होती. आमची कंपनी टाकीतली पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बनवायची, दुसरी कंपनी पंप बनवायची. दोन्ही मिळून एक संच विकायचा करार झाला होता आणि त्या संचाचं आठ पानी माहितीपत्रक एका औद्योगिक प्रदर्शनात वाटायचं होतं. मी त्यांच्या विक्री व्यवस्थापकांना फोन लावला. ते मनापासून म्हणाले, "अहो, वापरा की! आपण काय परके आहोत का? आमच्या वेबसाइटवर आहे, तिथून घ्या." मी तिथून घेतला आणि २००० प्रती छापून घेतल्या.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना एक प्रत त्यांच्या ब्रँड विभागाच्या हाती पडली. तिथून आलेल्या ईमेलमध्ये तीन हरकती होत्या. मी घेतलेला लोगो वेबसाइटच्या एका जुन्या पानावरचा होता, मधल्या काळात त्यांनी तो बदलला होता. तो आमच्या गडद निळ्या पट्टीवर बसवल्यामुळे त्यातली अक्षरं पार्श्वभूमीत बुडत होती. आणि तिसरी, सगळ्यात गंभीर हरकत लोगोखालच्या ओळीवर होती. "यांची मान्यता असलेला सेन्सर" असं आम्ही लिहिलं होतं. त्यांनी आमच्या सेन्सरची चाचणी कधी घेतलीच नव्हती, मग मान्यता कुठून आली? त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही सगळ्या प्रतींच्या पिना काढल्या, बाहेरचा ताव नव्याने छापला आणि पुन्हा पिना मारल्या. बाहेरच्या तावावर मुखपृष्ठासकट चार पानं असतात, त्यामुळे अर्धं माहितीपत्रक दुसऱ्यांदा छापल्यासारखंच झालं.

त्या विक्री व्यवस्थापकांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की हो म्हणणं त्यांच्या हातात आहे. पण बहुतेक मध्यम-मोठ्या कंपन्यांत लोगोची परवानगी विक्री विभाग देत नाही. ती ब्रँड किंवा विपणन विभाग देतो आणि शब्दांचा प्रश्न आला की विधी विभागही बघतो. आपली रोजची ओळख मात्र विक्रीतल्या माणसांशी असते, त्यामुळे आपण त्यांनाच विचारतो आणि त्यांच्या होकाराला कंपनीचा होकार समजतो. यात दोन्हीकडची चांगली माणसं अडकतात, म्हणून परवानगीचं पत्र नीट कसं लिहायचं हे सविस्तर सांगतो.

नाव लिहिणं वेगळं, लोगो लावणं वेगळं

आधी एक शंका दूर करू. करार झालेला आहे, माल एकत्र विकतो आहोत, मग वेगळी परवानगी कशाला?

"हा सेन्सर अमुक कंपनीच्या पंपाला जोडता येतो" असं वाक्य खरं असेल, तर ते साध्या अक्षरांत लिहायला बहुतेक देशांचे कायदे आडकाठी करत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल खरी माहिती द्यायची तर तिचं नाव घ्यावंच लागतं. लोगोचं तसं नाही. लोगो पाहिला की वाचणारा त्याचा अर्थ लावतो, की ही कंपनी या कागदाच्या मागे उभी आहे, यातलं प्रत्येक वाक्य तिला ठाऊक आहे आणि पटलेलं आहे. म्हणजे लोगो लावल्यावर आपण नुसती माहिती देत नसतो, दुसऱ्याची सहीच वापरत असतो. शिवाय लोगो हा ट्रेडमार्क असतो आणि चित्र म्हणून त्यावर बऱ्याचदा कॉपीराइटही असतो. पंप विकण्याच्या करारातून हे हक्क आपोआप आपल्याकडे येत नाहीत.

लोगोच्या मालकाचीही एक अडचण असते आणि ती समजली की ब्रँड विभागाचा राग येत नाही. ट्रेडमार्कचं काम म्हणजे ग्राहकाला सांगणं, की ही वस्तू अमुकांकडची आहे आणि तिचा दर्जा अमुक आहे. मालकाने आपलं चिन्ह कुणालाही, कशावरही, काही न बघता लावू दिलं, तर ते चिन्ह हे काम करेनासं होतं. अमेरिकेसारख्या काही देशांत देखरेखीशिवाय दिलेल्या परवान्यामुळे ट्रेडमार्कवरचा हक्कच धोक्यात येऊ शकतो. म्हणून "छापण्याआधी आम्हाला दाखवा" असं ते म्हणतात तेव्हा ते स्वतःचा हक्क सांभाळत असतात. आपलं पत्र त्यांना ही देखरेख सोपी करून देणारं असलं, की होकार लवकर येतो.

पत्राआधी दोन कागद बघा

पहिला कागद म्हणजे आपला त्यांच्याशी झालेला करार. त्यात प्रसिद्धी किंवा नाव व चिन्हांचा वापर अशा मथळ्याचं एक कलम बहुधा असतं, सहसा शेवटच्या पानांत. ते साधारण असं म्हणतं, की लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणीही दुसऱ्याचं नाव किंवा चिन्ह प्रसिद्धीसाठी वापरायचं नाही. इथे "लेखी" या शब्दाचा अर्थ कराराने काय केला आहे ते बघायलाच हवं. काही करारांत ईमेल चालतो. काहींत अधिकृत व्यक्तीची सही लागते आणि ती व्यक्ती कोण, तिचा पत्ता कुठला, हे सूचनांच्या कलमात दिलेलं असतं. ईमेलवर आलेला गोड होकार अशा करारात पुरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लोगोचा मालक. आपण ज्या कंपनीशी करार केला तीच लोगोची मालक असेल असं नाही. मोठ्या उद्योगसमूहात चिन्हं बऱ्याचदा मूळ कंपनीच्या किंवा त्यासाठीच काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असतात आणि आपली भागीदार कंपनी स्वतःच परवान्यावर ती वापरत असते. त्यांच्या एखाद्या जुन्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत "हे चिन्ह अमुक कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे" अशी ओळ असते. तिथलं नाव वेगळं निघालं, तर पत्रातच विचारावं, की परवानगी आपणच देऊ शकता का, की मूळ कंपनीकडून घ्यावी लागेल? हा प्रश्न उशिरा निघाला तर आठवडे जातात, कारण तेव्हा फाइल दुसऱ्या कार्यालयात, कधी दुसऱ्या देशात जाते.

पत्र

पुढच्या वेळी मी जे पत्र पाठवलं ते खाली देतो. नावं काढून टाकली आहेत, बाकी रचना तीच आहे. विक्री व्यवस्थापकांना मी फोन केलाच, पण या वेळी एवढंच विचारलं, "लोगोची परवानगी तुमच्याकडे कोण देतं? त्यांना लिहितो आणि तुम्हाला प्रतीत ठेवतो." त्यांनी लगेच नाव दिलं.

> विषय: संयुक्त माहितीपत्रकात आपला लोगो वापरण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत (छपाई २४ तारखेला)
>
> नमस्कार,
>
> आपल्या दोन कंपन्यांमधील करारानुसार आपला पंप आणि आमचा पातळी-सेन्सर यांचा संच आपण एकत्र विकत आहोत. या संचाचे माहितीपत्रक आम्ही तयार करत आहोत. त्यात आपला लोगो वापरण्यासाठी, करारातील नाव व चिन्हांच्या वापराविषयीच्या कलमाप्रमाणे, आपली लेखी परवानगी हवी आहे.
>
> माहितीपत्रक ए४ आकाराचे, ८ पानांचे आहे. लोगो दोनच ठिकाणी येईल: मुखपृष्ठावर खाली उजवीकडे, ३५ मिलिमीटर रुंदीचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि शेवटच्या पानावर आपल्या संपर्काच्या चौकटीत, २० मिलिमीटर रुंदीचा. मुखपृष्ठावर लोगोखाली एवढाच मजकूर असेल: "पंप आणि पातळी-सेन्सर यांचा एकत्रित संच". आपल्या पंपाविषयीचा सर्व मजकूर पान ३ आणि ४ वर आहे. तो आपल्या प्रसिद्ध माहितीवरून घेतला आहे, तरी तपासून द्यावा.
>
> छापील प्रती २०००. याच माहितीपत्रकाची पीडीएफ आमच्या वेबसाइटवर राहील आणि आमचे विक्रेते ती ग्राहकांना ईमेलने पाठवतील. प्रदर्शनातील फलक, समाजमाध्यमे किंवा जाहिरात यांसाठी ही विनंती नाही. तशी गरज पडल्यास स्वतंत्रपणे विचारू. परवानगी छपाईपासून १८ महिन्यांसाठी हवी आहे. त्याआधी आपला करार संपला किंवा आपण लोगो बदलला, तर पीडीएफ ७ दिवसांत काढू आणि छापील प्रती जास्तीत जास्त ६ महिन्यांत संपवू अथवा नष्ट करू.
>
> आपल्याकडून लोगोची छपाईयोग्य फाइल, वापराचे नियम आणि ट्रेडमार्कविषयी काही ओळ छापायची असल्यास तिचे नेमके शब्द मिळावेत. या लोगोची परवानगी आपल्याच कंपनीकडून मिळते का, हेही कृपया कळवावे.
>
> सोबत कच्चा नमुना जोडला आहे. लोगोच्या जागी सध्या रिकामी चौकट आहे. फाइल मिळाल्यावर अंतिम नमुना आपल्याकडे पाठवू आणि आपण तो मंजूर केल्यावरच छपाईला देऊ. २४ तारखेला छपाई असल्यामुळे तत्त्वतः होकार व फाइल १२ तारखेपर्यंत आणि अंतिम नमुन्याची मंजुरी २० तारखेपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल.
>
> आपण हे माहितीपत्रक आपल्या ग्राहकांना देऊ शकाल. त्यापुरता आमचा लोगो वापरण्यास आमची याच अटींवर परवानगी आहे.

पत्र लांब वाटेल, पण ब्रँड विभागातल्या माणसाला जे प्रश्न पडतात तेवढेच यात आहेत. "लोगो वापरू का?" एवढं विचारलं तर तो माणूस हेच प्रश्न एकेक करून परत पाठवतो आणि प्रत्येक फेरीला दोन-तीन दिवस जातात.

काही ओळींमागचं कारण सांगायला हवं. लोगोच्या जागी रिकामी चौकट ठेवली, कारण परवानगी मागायच्या पत्रातच लोगो लावून पाठवणं बऱ्याच जणांना खटकतं. शिवाय तो नमुना "मंजूर झालेला" समजून आपल्याच कार्यालयातून कुणीतरी पुढे पाठवून देतं. हे मी होताना पाहिलं आहे. चौकट असली की चुकून बाहेर गेलेला नमुनाही निरुपद्रवी राहतो.

फलक आणि समाजमाध्यमं यांसाठी विनंती नाही, हे मुद्दाम लिहिलं. माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ देखणं झालं की प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी तेच कापून सहा फुटी फलक बनवतं. परवानगी माहितीपत्रकाची असते, फलकाची नसते. या गोष्टी लागणारच असतील तर त्या पत्रात मागून घ्याव्यात. पण "सर्व प्रकारच्या प्रसिद्धीसाठी" असं मोघम कधीच लिहू नये. मोघम मागणी विधी विभागाकडे जाते आणि तिथून बहुधा नकारच येतो, कारण कशाला होकार देतो आहोत हे त्यांना दिसत नाही.

शेवटच्या परिच्छेदात आम्ही उलटी परवानगीही दिली. संयुक्त माहितीपत्रक दोघेही वाटतात आणि त्यांना आपला लोगो वापरायचा हक्क आपण दिलेला नसतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र ही ओळ लिहिण्याआधी आपल्या कंपनीत तो अधिकार कुणाचा आहे ते विचारा. मी ती आमच्या विपणन प्रमुखांकडून मंजूर करून घेतली होती. स्वतःच्याच मनाने लिहिली असती, तर मीही त्या विक्री व्यवस्थापकांसारखंच केलं असतं.

"भागीदार" या शब्दाबद्दल

लोगोपेक्षा जास्त वेळ लोगोशेजारच्या शब्दांवर जातो. त्यातही "भागीदार" हा शब्द फसवा आहे. आपण तो रोज सहज वापरतो, मीही या लेखात वापरतो आहे. पण कायद्यात भागीदारी म्हणजे एकमेकांच्या देण्याची जबाबदारी घेणं असाही अर्थ निघू शकतो आणि म्हणूनच बऱ्याच व्यावसायिक करारांत "या करारामुळे पक्षांमध्ये भागीदारी निर्माण होत नाही" असं स्पष्ट कलम असतं. करारात एक आणि मुखपृष्ठावर दुसरं, हे विधी विभागाला चालत नाही. "अधिकृत", "मान्यताप्राप्त", "प्रमाणित", "शिफारस केलेला" हे शब्दही तसेच. यातल्या प्रत्येकामागे काही प्रक्रिया झाली असल्याचा दावा आहे. झाली नसेल, तर तो ग्राहकाची दिशाभूल करणारा ठरतो आणि दिशाभूल लोगोच्या मालकाच्या नावावर होते.

मी आता नातं सांगत नाही, काम सांगतो. पंप कुणाचा, सेन्सर कुणाचा, बसवून कोण देणार, बिघाड झाल्यास फोन कुणाला करायचा. हे ग्राहकाच्या कामाचं आहे, खरं आहे आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नसेल तर दोन लोगो शेजारी बघून ग्राहक दोघांनाही जबाबदार धरतो, आणि तीच भीती समोरच्या विधी विभागाला असते.

जाता जाता मागच्या पानाबद्दल. दर्जाचं प्रमाणपत्र आहे म्हणून तिथे आयएसओचा लोगो टाकण्याचा मोह होतो. आयएसओ ही संस्था प्रमाणपत्रं देत नाही आणि प्रमाणपत्र मिरवण्यासाठी तिचा लोगो वापरायला परवानगीही देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं चिन्ह वेगळं असतं आणि त्याच्या वापराचे नियमही त्या संस्थेचे असतात. भागीदार कंपनीचा होकार या चिन्हांना लागू पडत नाही.

होकार आला, तो वाचा

आमच्या पत्राला सहाव्या दिवशी उत्तर आलं. होकार होता, दोन बदल होते. छापील प्रती संपवायला ६ ऐवजी ३ महिने दिले होते आणि लोगो शेवटच्या पानावर २० ऐवजी निदान २५ मिलिमीटर रुंद हवा होता, कारण त्यांच्या नियमांत तेवढी किमान रुंदी होती. मूळ कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, हेही लिहिलं होतं. मी त्याच दिवशी "दोन्ही बदल मान्य आहेत, त्याप्रमाणे अंतिम नमुना पाठवतो" असं उत्तर दिलं. हे उत्तर देणं महत्त्वाचं, कारण त्यांनी अटी बदलल्या तेव्हा आपण त्या स्वीकारल्याचंही लेखी असायला हवं.

उत्तर कधी कधी धूसर येतं. "छान झालंय, पुढे जाऊ या" हा नमुन्याचा अभिप्राय आहे की लोगोची परवानगी? मी अशा वेळी न लाजता विचारतो: "१ तारखेच्या पत्रातल्या वापरासाठी ही परवानगी समजू का?" आणि उत्तर अजिबात आलं नाही तर? "शुक्रवारपर्यंत न कळवल्यास आपली संमती गृहीत धरू" अशी ओळ पत्रात टाकायचा मोह होतो. तिचा काही उपयोग नाही. करार लेखी परवानगी मागतो आणि गप्प बसणं म्हणजे लेखी होकार नव्हे. उलट या ओळीमुळे समोरचा माणूस दुखावतो. त्यापेक्षा १२ तारीख उलटली की फोन करावा, २० उलटली तर दुसरा मार्ग तयार ठेवावा. आमचा दुसरा मार्ग साधा होता: त्यांच्या लोगोच्या जागी त्यांचं नाव साध्या अक्षरांत, खऱ्या माहितीपुरतं. नावाबद्दलही करारात अट असेल तर तेवढ्यापुरता होकार लवकर मिळतो, कारण त्यात तपासायला फारसं काही नसतं.

फाइल आणि जागा

वेबसाइटवरचा लोगो छपाईला का चालत नाही, हे एका गणितातून कळतं. वेबसाइटवरचं ते चित्र १८० पिक्सेल रुंद होतं. चांगल्या छपाईला एका इंचात सुमारे ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १८० पिक्सेल जेमतेम १५ मिलिमीटरला पुरतात. आम्हाला हवी होती ३५ मिलिमीटर रुंदी, त्यासाठी सुमारे ४१३ पिक्सेल लागले असते. मोठं करून ताणलेल्या लोगोच्या कडा कागदावर दातेरी दिसतात. म्हणून मागायची ती व्हेक्टर फाइल. ती ठिपक्यांची नसून रेषांच्या मोजमापांची असते, त्यामुळे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात. ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ या रूपात ती मिळते. पण नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. पीडीएफमध्ये ठिपक्यांचं चित्रही बसवता येतं. फाइल उघडून ८०० टक्के मोठी करा. कडा धूसर झाल्या तर ती व्हेक्टर नाही.

रंगाचंही तसंच. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना शाईने, म्हणून पडद्यासाठीच्या फाइलमधला झगमगीत निळा कागदावर मळकट उतरू शकतो. नियमांच्या पुस्तिकेत छपाईच्या चार शाईंचं प्रमाण दिलेलं असतं. तेच आकडे मुद्रकाला द्यावेत, डोळ्याने रंग जुळवू नये. गडद पार्श्वभूमी टाळता येत नसेल तर तिच्यासाठी त्यांनी केलेला पांढरा लोगो मागावा. आपणच पांढरा करून घेणं म्हणजे दुसऱ्याचं चिन्ह बदलणं, आणि नियमांत त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची हेही त्याच पुस्तिकेत असतं, बहुधा लोगोतल्याच एखाद्या अक्षराच्या उंचीच्या मापात.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत सहसा सापडत नाही. दोन लोगो "बरोबरीचे" म्हणजे काय? त्यांचा लोगो लांबट होता, आमचा जवळपास चौकोनी. दोन्ही ३५ मिलिमीटर रुंद ठेवले तेव्हा आमचा जवळजवळ तिप्पट मोठा दिसायला लागला आणि माहितीपत्रक आमचंच असल्यासारखं वाटलं. उंची सारखी केली तर उलटं झालं. शेवटी दोन्ही लोगोंनी कागदावर व्यापलेलं क्षेत्रफळ साधारण सारखं ठेवलं आणि आमचा २० मिलिमीटर रुंदीवर आणला. अंतिम नमुन्यासोबत हे एका वाक्यात लिहूनही कळवलं. कुणाचा लोगो डावीकडे, याचाही त्यात उल्लेख केला. लहान वाटणाऱ्या या गोष्टी नंतर माणसांना लागतात.

ट्रेडमार्कच्या खुणेबद्दल एकच सांगतो. वर्तुळातला आर म्हणजे चिन्ह त्या देशात नोंदलेलं आहे असा दावा, आणि नोंदणी नसताना ती खूण लावणं अनेक देशांत गुन्हा आहे. नोंदणी देशादेशांत वेगळी असते. म्हणून माहितीपत्रक कुठल्या देशांत वाटलं जाणार हे त्यांना सांगावं आणि खूण लावायची की नाही, कुठली लावायची, हे त्यांच्याच शब्दांत घ्यावं. त्यांनी पाठवलेल्या फाइलमध्ये खूण असेल ती काढू नये, नसेल तर घालू नये.

मंजुरी कुठल्या नमुन्याला?

अंतिम नमुना पाठवला तेव्हा फाइलचं नाव `brochure_v3.pdf` होतं आणि ईमेलमध्येही आवृत्ती ३ असं लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं: "आवृत्ती ३ मंजूर." हे तीन शब्द फार उपयोगी पडले. कारण १९ तारखेला आमच्याच एका अभियंत्याने पान ४ वरच्या पंपाच्या तक्त्यात एक आकडा दुरुस्त करायला सांगितला. दुरुस्ती बरोबर होती, पण ती झाल्यावर फाइल आवृत्ती ४ झाली आणि मंजुरी होती आवृत्ती ३ ला. मी फक्त बदललेलं पान, बदललेल्या आकड्याभोवती गोल करून, पुन्हा पाठवलं. एका तासात होकार आला. सबंध माहितीपत्रक "काही बारीक बदल केले आहेत" म्हणून पाठवलं असतं तर त्यांना आठही पानं पुन्हा वाचावी लागली असती. छपाई २४ तारखेलाच झाली.

परवानगीचं मूळ पत्र, त्यांचं उत्तर आणि दोन्ही मंजुऱ्या मी छपाईच्या फाइलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, स्वतःच्या ईमेलमध्ये नाही. मी नोकरी बदलली असती आणि मागे कुणीतरी "अजून हजार प्रती काढा" म्हणालं असतं, तर परवानगी २००० प्रतींची होती हे त्या फाइलजवळच दिसायला हवं होतं.

अकराव्या महिन्यात त्यांनी पुन्हा लोगो बदलला. ईमेल आला तेव्हा आमच्याकडे ४०० च्या आसपास प्रती शिल्लक होत्या. आधीच ठरलं होतं, त्यामुळे वाद घालायला काही उरलंच नव्हतं. पीडीएफ सातव्या दिवसाच्या आत वेबसाइटवरून काढली, विक्रेत्यांना जुनी प्रत पाठवू नका म्हणून कळवलं आणि छापील प्रती तीन महिन्यांत वाटत राहिलो. मुदत संपली तेव्हा साठेक उरल्या होत्या. त्या रद्दीत दिल्या आणि तसं त्यांना कळवलं. त्याच ईमेलमध्ये नव्या माहितीपत्रकासाठी नव्या लोगोची विनंती जोडली.